शिव्या आई-बहिणीवरूनच का दिल्या जातात? शरीराचे अवयव शिवी कसे बनतात?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात सौंदाळा नावाचं गाव आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये या गावाच्या ग्रामसभेनं एक ठराव केला. गावात कुणीही आई-बहिणीवरून शिवी दिली तर त्याला ५०० रुपये दंड. ठरावाची बातमी राज्यभर गाजली. असा दंड लावणारं हे पहिलंच गाव असावं, असंही अनेकांना वाटलं.

पण या शिवीवरचा दंड खूप जुना आहे. याज्ञवल्क्य स्मृती हा प्राचीन भारतातला कायद्याचा एक महत्त्वाचा ग्रंथ. त्यात 'वाक्पारुष्य' म्हणजे बोलून केलेल्या अपमानावर एक प्रकरण आहे. 'तुझ्या आईशी किंवा बहिणीशी मी संबंध ठेवीन', अशा अर्थाची शिवी देणाऱ्याकडून राजानं २५ पण दंड वसूल करावा, असं त्यात सांगितलं आहे. पण म्हणजे त्या काळचं नाणं.

म्हणजे दीड हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्याला जी शिवी आठवली, तीच २०२४ मध्ये सौंदाळ्याच्या ग्रामसभेलाही आठवली. राज्यं बदलली, धर्म आले-गेले, भाषा बदलली. शिवी मात्र बदलली नाही. आणि ती फक्त मराठीत किंवा हिंदीतच आहे असंही नाही. रशियन, चिनी, तुर्की, अरबी, स्पॅनिश अशा एकमेकींशी फारसा संबंध नसलेल्या भाषांमध्येही सर्वांत जड शिवी आईवरूनच दिली जाते.

असं का होतं? त्याचं उत्तर शोधायला महाराष्ट्रातच, दगडावर कोरलेला एक भक्कम पुरावा आहे.

शिलालेखातली शिवी

महाराष्ट्र आणि गोव्यात, विशेषतः कोकणपट्टीत, 'गद्धेगाळ' किंवा 'गधेगळ' नावाचे दगड सापडतात. 'गाळ' म्हणजे शिवी. त्यामुळे गद्धेगाळ म्हणजे सरळसरळ 'गाढवाची शिवी'. यातले बरेच दगड शिलाहार आणि यादव राजांच्या काळातले आहेत, काही त्यानंतरचेही.

या दगडाचे साधारण तीन भाग असतात. सगळ्यात वर सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. त्याचा अर्थ असा, की आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोपर्यंत हे दान टिकेल. मधल्या भागात लेख असतो. कोणत्या राजानं कुणाला कोणती जमीन किंवा कोणतं उत्पन्न दिलं, हे त्यात लिहिलेलं असतं. सगळ्यात खाली एक चित्र असतं. त्यात एक स्त्री आणि तिच्यावर चढलेलं गाढव दाखवलेलं असतं.

या चित्राचा अर्थ काय, हे काही लेखांमध्ये शब्दांतही सांगितलेलं आहे. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण मुंबईतल्या परळ भागात सापडलेल्या शिलालेखाचं. हा लेख शिलाहार राजा अपरादित्य याच्या काळातला, शके ११०८ चा, म्हणजे बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. लेखाचा मुख्य भाग संस्कृतमध्ये आहे. शेवटी मात्र भाषा अचानक बदलते आणि मराठी सुरू होते. जो कुणी हे शासन, म्हणजे राजाची ही आज्ञा, मोडेल त्याच्यावर कुटुंबासकट वैद्यनाथ देवाचा कोप होईल, हा पहिला शाप. त्याच्या आईशी गाढव संग करील, हा दुसरा. त्यासाठी जे क्रियापद वापरलं आहे, ते आजही मराठीत जसंच्या तसं शिवी म्हणून वापरलं जातं आणि आजही छापता येत नाही.

इथं दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत.

पहिली, भाषेची. संस्कृत दानपत्रांमध्येही दान मोडणाऱ्याला शाप दिलेला असतो. तिथं ठरलेला शाप असा, की जमीन हिरावून घेणारा ६० हजार वर्षं विष्ठेतला किडा होऊन जन्म घेईल. हा शाप भयंकर आहे, पण तो पुढच्या जन्मातला आहे आणि तो त्या माणसालाच भोगायचा आहे. मराठीतला शाप याच जन्मातला आहे आणि तो भोगायचा आहे त्याच्या आईनं. ज्या माणसांनी खरोखर जमीन बळकावली असती, म्हणजे गावातले वतनदार, अधिकारी किंवा शेजारी, त्यांच्यापर्यंत धमकी पोचवायची तर ती त्यांच्या बोलीत आणि त्यांना झोंबेल अशीच हवी होती.

दुसरी गोष्ट चित्राची. बहुतेक लोकांना वाचता येत नव्हतं. खालचं चित्र मात्र कुणालाही कळत होतं. काही अभ्यासक असंही मानतात, की चित्रातली स्त्री म्हणजे जमीन. दान मोडलं तर ती जमीन नापीक होईल, असाही अर्थ त्यात असावा. गावावर गाढवाचा नांगर फिरवणं ही उद्ध्वस्त करण्याची खूण होती, त्याच्याशी ही कल्पना जुळते.

थोडक्यात, आई-बहिणीवरची शिवी ही फक्त रागाच्या भरात तोंडातून निघालेली घाण नव्हती. राजाची आज्ञा पाळली जावी म्हणून सरकारनं वापरलेलं ते साधन होतं. पोलीस नाहीत, जमिनीची नोंदणी करणारं कार्यालय नाही, अशा वेळी माणसाला सगळ्यात जास्त कशाची भीती किंवा लाज वाटेल, याचा तो हिशेब होता.

शिवी कुणाला, लागते कुणाला?

साध्या अपमानात दोन माणसं असतात. एक बोलणारा आणि एक ऐकणारा. 'तू गाढव आहेस', 'तू आंधळा आहेस', हे थेट समोरच्याबद्दल असतं. आई-बहिणीवरच्या शिवीत तिसरी व्यक्ती येते. ती बहुतेक वेळा तिथं हजरही नसते आणि भांडणाशी तिचा काही संबंध नसतो. गद्धेगाळीतल्या आईनं जमीन बळकावलेली नाही. तरी शिक्षा तिला आणि लाज मुलाला.

हा वळसा का घेतला जातो? याचं एक उत्तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या दंडांवरून मिळतं. अर्थशास्त्रातही वाक्पारुष्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. एखाद्याला काणा किंवा लंगडा म्हटलं आणि तो खरोखर तसा असेल, तर दंड ३ पण. तो तसा नसताना म्हटलं, तर ६ पण. आणि काण्या माणसाला 'काय सुंदर डोळे आहेत तुझे' असं टोचून बोललं, तर १२ पण.

म्हणजे शरीराच्या व्यंगावरून केलेला अपमान तपासता येतो. तो खरा आहे की खोटा, हे बघणाऱ्याला दिसतं. दोन्ही डोळे धडधाकट असलेल्या माणसाला काणा म्हटलं तर लोक हसतील, पण त्याला फारसं लागणार नाही.

आईवरच्या शिवीला ही मर्यादा नाही. आई प्रत्येकाला असते. त्यामुळे समोरच्याबद्दल काहीही माहीत नसलं तरी ती शिवी देता येते. अनोळखी रिक्षावाल्याला, फोनवरच्या माणसाला, शत्रूच्या सैन्याला, कुणालाही. शिवाय ती खरी की खोटी, हे तपासण्याचा प्रश्नच येत नाही. त्यात माहिती नसतेच. 'तुझ्या घरातल्या ज्या माणसाला तू सगळ्यात जास्त जपतोस, तिच्याबद्दल मी असं बोलू शकतो आणि तू मला थांबवू शकत नाहीस', एवढंच त्यात सांगितलेलं असतं.

म्हणूनच या शिवीला खुलासा करून उत्तर देता येत नाही. 'माझी आई तशी नाही' असं कुणी म्हणत नाही. तसं म्हटलं तर तो आणखी हास्यास्पद ठरेल. उत्तर म्हणून एक तर तशीच शिवी परत दिली जाते किंवा हात उचलला जातो. साध्या बाचाबाचीचं रूपांतर मारामारीत होण्याचा क्षण बऱ्याचदा हाच असतो.

आईच का? बहीणच का?

आता मुख्य प्रश्न. घरात वडील, भाऊ, काका, आजोबाही असतात. मग शिवी बायकांवरूनच का?

यातलं एक कारण जगभर सारखं आहे. आई-मुलगा आणि बहीण-भाऊ यांच्यातले लैंगिक संबंध जवळपास प्रत्येक समाजात निषिद्ध आहेत. जिथं नियम सगळ्यात कडक, तिथं तो मोडणारा शब्द सगळ्यात स्फोटक. मानववंशशास्त्रज्ञ एडमंड लीच यांनी १९६४ साली शिव्यांवर एक गाजलेला निबंध लिहिला. समाज ज्या गोष्टींभोवती 'इथं बोलायचं नाही' अशी रेषा आखतो, तिथूनच शिव्या तयार होतात, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता.

पण फक्त निषिद्ध असणं पुरेसं नाही. दुसरं कारण वंशाचं आहे. बापाकडून नाव, जमीन आणि वतन मिळणाऱ्या समाजात एक अडचण कायम असते. आई कोण, हे सगळ्यांना दिसतं. बाप कोण, हे मात्र आईवरच्या विश्वासावर अवलंबून असतं. त्यामुळे मुलाचं कुळ, वारसा आणि जात हे सगळं आईच्या 'चारित्र्या'वर टांगलेलं राहतं. आईवर शिंतोडा उडवला, की तो बापाच्या नावावर आणि पर्यायानं मुलाच्या हक्कावर पडतो. 'एका बापाचा असशील तर' हे मराठीतलं आव्हान याच विचारातून आलं आहे.

चिनी लेखक लू शुन यांनी १९२५ साली नेमका हाच मुद्दा मांडला होता. चिनी भाषेत 'ता मा द' ही अतिशय प्रचलित शिवी आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'त्याच्या आईचं'. पुढचा शब्द गाळलेला असतो, तो ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचा. लू शुन यांनी या शिवीवर एक उपरोधिक निबंध लिहिला आणि तिला 'राष्ट्रीय शिवी' म्हटलं. त्यांचं म्हणणं असं, की ज्या काळात चीनमध्ये मोठी पदं फक्त घराण्याच्या नावावर मिळत, त्या काळात सामान्य माणसानं या घराण्यांवर हल्ला करायचा ठरवला तर तो कुठं करणार? ज्याची सगळी ऐट पूर्वजांच्या जोरावर आहे, त्याच्या पूर्वजांवरच. म्हणजे वंशाचा जितका बडेजाव, तितकी वंशावरची शिवी जोरदार.

याज्ञवल्क्य स्मृतीतही याचा माग दिसतो. तिथं या दंडाची रक्कम सगळ्यांना सारखी नाही. अपमान झालेला माणूस खालच्या दर्जाचा असेल तर दंड निम्मा, वरच्या दर्जाचा असेल तर दुप्पट. परस्त्रीबद्दल बोलल्यासही दुप्पट. म्हणजे कायदा त्या आई-बहिणीच्या दुःखाची भरपाई करत नव्हता. तो घराण्याच्या अब्रूची किंमत ठरवत होता.

'साला' हा शब्द तर याचं सगळ्यात सोपं उदाहरण. साला म्हणजे बायकोचा भाऊ. हे साधं नातं आहे. मग अनोळखी माणसाला 'साल्या' म्हटलं की शिवी का होते? कारण त्याचा अर्थ होतो, 'तुझी बहीण माझ्याकडे आहे'. शिवाय उत्तर आणि पश्चिम भारतात बऱ्याच समाजांत मुलगी देणारं घर हे मुलगी घेणाऱ्या घरापेक्षा खालचं मानलं गेलं. त्यामुळे 'साला' म्हणजे बहिणीवरचा हक्क आणि वर दर्जाची उतरंड, दोन्ही एका शब्दात. हिंदीत बायकोच्या वडिलांवरून 'ससुरा' ही शिवी तयार झाली, तीही याच न्यायानं. बहिणीच्या नवऱ्याचं नातं, म्हणजे दाजी किंवा हिंदीतला जीजा, मात्र शिवी बनलं नाही. नातं तेच, बाजू उलटी. शिवी कुणाच्या बाजूनं तयार झाली आहे, हे यावरून लक्षात येतं.

अवयवांची नावं शिवी कशी बनली?

नात्यांइतकाच दुसरा मोठा साठा शरीराच्या अवयवांचा आहे. त्यातही सगळ्या अवयवांचा नाही. कोपर किंवा गुडघा यावरून कुणी शिवी देत नाही. झाकून ठेवायचे अवयव आणि त्यांच्याशी जोडलेल्या क्रिया, एवढाच हा साठा आहे.

यातली गंमत अशी, की अवयव निषिद्ध नसतो, शब्द निषिद्ध असतो. 'लिंग', 'योनी', 'गुदद्वार' हे शब्द पाठ्यपुस्तकात छापता येतात आणि डॉक्टरसमोर बोलता येतात. त्याच अवयवांचे घरगुती, बोलीतले शब्द मात्र उच्चारले तरी कानाखाली बसू शकते. वस्तू एकच, पण एक शब्द संस्कृतातून शिकून आलेला आणि दुसरा लहानपणी कुणीतरी रागावून 'असं बोलायचं नाही' म्हणत शिकवलेला. शब्दाला जे वजन येतं ते या रागावण्यातून येतं.

याची एक प्रयोगानं केलेली तपासणीही आहे. २००३ साली कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुर्की ही मातृभाषा असलेल्या आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवले. त्या वेळी त्यांच्या बोटांवरच्या घामात होणारा सूक्ष्म बदल यंत्रानं मोजला. मन अस्वस्थ झालं, की हा बदल वाढतो. निषिद्ध शब्द आणि लहान मुलांना रागावताना वापरतात तशी वाक्यं यांना मातृभाषेत जास्त जोरदार प्रतिसाद मिळाला. मराठी घरातली मुलं इंग्रजी शिव्या सहज देतात आणि त्याच अर्थाची मराठी शिवी देताना अडखळतात, यामागचं कारणही हेच असावं. इंग्रजी शब्द सिनेमातून आला. मराठी शब्दाबरोबर घरची दटावणी आली.

अवयवांचे शब्द कायमच शिवी होते असंही नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये स्त्रीच्या जननेंद्रियासाठीचा जो शब्द आज इंग्रजीतला सगळ्यात वाईट समजला जातो, तो चक्क वेश्यावस्तीच्या गल्ल्यांच्या नावात होता. त्या काळात जड शिवी होती ती देवाच्या नावानं घेतलेली खोटी शपथ. पुढं धर्माचा धाक कमी झाला. घरांमध्ये स्वतंत्र खोल्या आल्या, शरीर झाकणं हे सभ्यतेचं लक्षण बनलं आणि शिव्यांचा भार देवावरून शरीरावर सरकला.

मग नातं आणि अवयव एकत्र आले की काय होतं? मराठीतली सगळ्यात जड शिवी अशीच बनली आहे. त्यात आई आहे आणि तिचा अवयव आहे. एकाच वाक्यात दोन रेषा ओलांडल्या जातात. त्यातून एक पूर्ण व्यक्ती, जिला समोरचा 'आई' म्हणतो, ती फक्त एका अवयवापुरती उरते.

सगळ्याच भाषांमध्ये असं आहे का?

नाही. आणि जिथं नाही, तिथं काय आहे हे पाहिलं तर वरचं स्पष्टीकरण पक्कं होतं.

कॅनडातल्या क्विबेक प्रांतात फ्रेंच बोलली जाते. तिथल्या सगळ्यात जड शिव्या चर्चमधल्या वस्तूंच्या नावांवरून आहेत. पूजेचा प्याला, प्रसादाची पेटी, अशी ती नावं आहेत. बाहेरच्या माणसाला यात शिवी काय आहे तेच कळत नाही. पण तिथं १९६० च्या दशकापर्यंत शाळा, दवाखाने आणि घरसंसार या सगळ्यावर कॅथलिक चर्चची घट्ट पकड होती. जिथं धाक, तिथं शिवी.

डच भाषेत शिव्या रोगांवरून आहेत. कॅन्सर, टायफॉइड, क्षय. 'तुला कॉलरा होवो' अशा अर्थाची शिवी डच लोक अजूनही देतात. हे ऐकून मराठी वाचकाला काहीतरी आठवेल. ग्रामीण महाराष्ट्रात जुन्या बायका 'तुला पटकी येवो' म्हणायच्या. पटकी म्हणजे कॉलराच. 'मेल्या', 'मुडद्या' या शिव्याही त्याच जातीच्या.

जर्मन भाषेत विष्ठेवरच्या शिव्यांचा भरणा आहे. हान्स-मार्टिन गाउगर या भाषाशास्त्रज्ञानं २०१२ साली यावर पुस्तक लिहिलं. शेजारच्या भाषांमध्ये शिव्या लैंगिक आहेत आणि जर्मन मात्र घाणीवर अडून राहिली, हे त्यांचं निरीक्षण होतं. जपानीत तर वेगळ्या शिव्यांची गरजच कमी पडते. तिथं आदराच्या इतक्या पायऱ्या आहेत, की 'तू' साठीचा अगदी खालचा शब्द वापरला तरी भांडण लागू शकतं.

म्हणजे शिवी ही त्या समाजाची दुखरी नस असते. घराणं, वारसा आणि स्त्रीची 'अब्रू' जिथं माणसाची पत ठरवते, तिथं शिवी नात्यांवर जाते. असे समाज जगात खूप आहेत, म्हणून अशा भाषाही खूप आहेत.

'तिच्यायला' मध्ये आई कुठं गेली?

शिवी वापरून वापरून झिजतेही. 'तिच्यायला' हा शब्द फोडला तर 'तिच्या आईला' असा निघतो. 'च्यायला' आणि 'आयला' ही त्याच्याही पुढची झीज. मूळ वाक्यातलं क्रियापद गळून गेलं आहे. आता क्रिकेटमध्ये झेल सुटला तरी 'आयला' निघतं आणि चांगला पकडला तरी 'आयला'च. तसंच कोकणातलं 'आयचो घो'. 'घो' म्हणजे नवरा, म्हणजे शब्दशः 'आईचा नवरा'. २०१० साली आलेल्या 'शिक्षणाच्या आयचा घो' या मराठी चित्रपटाच्या नावावरून वादही झाला होता.

चिनीतही हेच घडलं. लू शुन यांनी त्याच निबंधात जेवायला बसलेल्या बाप-लेकाचा किस्सा सांगितला आहे. बाप मुलाला म्हणतो, ही भाजी छान झालीय, आईची, खाऊन बघ. मुलगा म्हणतो, नको, आईची, तुम्हीच खा. शिवी तीच, पण तिचा अर्थ जवळपास 'लाडक्या' असा झालेला.

शब्दाचा मूळ अर्थ आणि त्याचा प्रत्यक्ष वापर यातला हा फरक कायद्यालाही विचारात घ्यावा लागला आहे. 'कॉलेज रोमान्स' या वेब सिरीजमधल्या शिव्यांवरून निर्मात्यांवर अश्लीलतेचा गुन्हा नोंदवण्याचा प्रश्न होता. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कारवाई रद्द केली. शिव्यांचा शब्दशः अर्थ लैंगिक असला तरी त्या ऐकून कुणाच्या मनात लैंगिक भावना जागी होत नाही. त्यातून राग, वैताग किंवा कधी उत्साह व्यक्त होतो. त्यामुळे असभ्य भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, असं न्यायालयानं म्हटलं.

पण न्यायालयासमोर प्रश्न अश्लीलतेचा होता, अपमानाचा नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शिवी उद्गार आहे की हल्ला, हे ओळखण्याची एक साधी खूण व्याकरणात आहे. 'आयला' किंवा 'तिच्यायला' कुणालाच उद्देशून नसतं. त्यात 'तुझ्या' आलं आणि गाळलेलं क्रियापद परत आलं, की झिजलेली शिवी पुन्हा धारदार होते. मित्रांच्या घोळक्यात जी चालते, तीच अनोळखी माणसाला दिली की डोकं फुटतं, याचं कारणही हेच. घोळक्यात सगळ्यांना माहीत असतं, की खऱ्या आईबद्दल कुणी बोलत नाहीये. बाहेर ही खात्री नसते.

दंडानं शिव्या थांबतात का?

रशियानं १ जुलै २०१४ पासून चित्रपट, नाटक आणि संगीताच्या कार्यक्रमांतून 'मात' नावानं ओळखल्या जाणाऱ्या शिव्यांवर कायद्यानं बंदी घातली. या शिव्या मोजक्या मूळ शब्दांवरून बनतात. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध आईवरूनच आहे. रस्त्यावरच्या रशियनमधून ती गेलेली नाही. याज्ञवल्क्याच्या २५ पणांनंतरही ती भारतातून गेली नाही.

महाराष्ट्रातल्या काही परंपरांनी उलटा मार्ग घेतला. बंदी न घालता शिव्यांना दिवस ठरवून दिला. शिमग्याला बोंब मारून शिव्या देण्याची प्रथा सगळ्यांना माहीत आहे. सातारा जिल्ह्यात 'बोरीचा बार' भरतो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी या दोन गावांतल्या बायका ओढ्याच्या दोन्ही काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. बार संपला, की भांडण संपलं. तिथं शिवी देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघीही समोर असतात. गैरहजर बाईच्या नावानं कुणी पुरुष दुसऱ्या पुरुषाशी हिशेब चुकता करत नाही.

सौंदाळ्याच्या ठरावात वेगळी असलेली गोष्ट दंडाची रक्कम नाही. सरपंच शरद आरगडे यांनी त्यामागचं कारण सांगताना म्हटलं होतं, की आई-बहिणीच्या नावानं शिवी देणारा हे विसरतो, की ते शब्द त्याच्या स्वतःच्या घरातल्या बायकांनाही लागू होतात. याज्ञवल्क्यानं दंड ठरवताना विचारलं होतं, अपमान झालेला पुरुष कोणत्या दर्जाचा आहे? गद्धेगाळ कोरणाऱ्यानं गृहीत धरलं होतं, की लाज मुलाला वाटेल आणि आईला कुणी विचारणार नाही. नेवासा तालुक्यातल्या या गावानं निदान कागदावर तरी त्या तिसऱ्या व्यक्तीची दखल घेतली. आजवर शिवीत तिचं नाव होतं, पण भांडणात तिला जागा नव्हती.